‘फ्यू’च्या आधीचा तो एवढासा ‘अ’

गेल्या सीझनची गोष्ट आहे, फेब्रुवारीतली. दिंडोरी बाजूच्या एका पॅकहाऊसमध्ये माझा एक जुना विद्यार्थी सुपरवायझर आहे, मराठी मीडियमचा पोरगा, द्राक्षाचं काम त्याला तळहातासारखं माहिती, कुठल्या बागेचा माल किती दिवस टिकेल हे तो घडाची काडी बघून सांगतो. एक कंटेनर निघाला आणि मागाहून त्याच्या लक्षात आलं की एका प्लॉटच्या काही पेट्यांत मणी जरा मऊ पडलेत. त्याने प्रामाणिकपणे, लगेच, परदेशात माल उतरवून घेणाऱ्या तिकडच्या माणसाला मेसेज टाकला. त्याच्या डोक्यात मराठी वाक्य होतं, ‘थोड्या पेट्यांत मणी मऊ आहेत’. थोड्या म्हणजे फ्यू, हे शाळेत पाठ झालेलं. त्याने लिहिलं, ‘फ्यू बॉक्सेस हॅव सॉफ्ट बेरीज.’

त्याला म्हणायचं होतं, बाबा रे, काही पेट्या मऊ पडलेल्या आहेत, त्या आधी काढ आणि आधी विक. समोरच्याने वाचलं, ‘मऊ मण्यांच्या पेट्या जवळजवळ नाहीतच’, म्हणजे माल चांगला आहे, काळजी नाही. त्याने थँक्यू म्हणून रिप्लाय दिला आणि तो प्लॉट कोल्ड स्टोअरला मागच्या बाजूला ठेवून दिला. दहा-बारा दिवसांनी उघडला तेव्हा त्या पेट्यांतलं पाणी सुटून शेजारच्या पेट्या पण खराब झाल्या होत्या. रेट पडला, कपात झाली आणि ती कपात शेवटी शेतकऱ्याच्या हिशोबात आली. मग तो पोरगा मेसेज दाखवून म्हणतोय मी कळवलं होतं, आणि तिकडचा माणूस तोच मेसेज दाखवून म्हणतोय की तूच तर लिहिलंस माल ठीक आहे म्हणून. आणि वाईट वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्या कुठल्याही तिसऱ्या माणसाला विचारलं असतं तर तो तिकडच्याच्या बाजूने बोलला असता. ‘अ फ्यू बॉक्सेस’ लिहिलं असतं तर हे सगळं घडलंच नसतं. एक ‘अ’, बस.

मी नाशिकच्या सिडकोत संध्याकाळी इंग्रजी शिकवतो, बरीच वर्षं झाली. हा मेसेज त्याने मला दाखवला तेव्हा मला त्याचा राग नाही आला, आपण जे आणि ज्या क्रमाने शिकवतो त्याचा आला. मच आणि मेनी, लेस आणि फ्यूअर, फ्यू आणि अ फ्यू, या तिन्ही जोड्या आपल्याकडे एकाच धड्यात, एकाच तक्त्यात, एकाच मार्काच्या गाळलेल्या जागेत येतात. जणू तिन्हींचं वजन सारखंच आहे. माझं स्पष्ट मत आहे की ते सारखं नाही. या तिघींपैकी एकीत चूक झाली तर कोणाचंही काही बिघडत नाही, दुसरीत चूक झाली तर वाक्य नवख्याचं वाटतं पण कळतं, आणि तिसरीत चूक झाली तर अर्थ उलटा होतो. आणि आपण नेमका सगळ्यात जास्त जोर काहीच न बिघडवणाऱ्या लेस-फ्यूअरवर देतो, लाल पेन तिथेच फिरतं.

आधी उलटा अर्थ करणारी जोडी घेतो, कारण ती खरी धोक्याची आहे. पोरांना सांगितलं जातं फ्यू म्हणजे ‘फार कमी’ आणि अ फ्यू म्हणजे ‘थोडे’. आता फार कमी आणि थोडे यात आकड्याचा फरक असणार असं कुणालाही वाटेल, की बाबा तीन म्हणजे फ्यू आणि सहा म्हणजे अ फ्यू. तसं नाहीये. आकडा तोच असू शकतो. सोसायटीची मीटिंग आहे, साठ फ्लॅट, आले सहा जण. सेक्रेटरी म्हणतो, ‘अ फ्यू मेंबर्स केम, सो वी स्टार्टेड.’ दुसरा वैतागलेला मेंबर म्हणतो, ‘फ्यू मेंबर्स केम, सो वी कॅन्सल्ड.’ दोघंही त्याच सहा जणांबद्दल बोलतायत. पहिला म्हणतोय कोणीतरी आलं आहे, दुसरा म्हणतोय जवळपास कोणी आलंच नाही. फ्यू हा शब्द वरून साधा दिसतो पण तो नकार आहे, त्यात ‘नाही’ लपलेलं आहे, आणि अ फ्यू मध्ये ‘आहे’ आहे. लिटल आणि अ लिटलचं तसंच, फक्त ते पाणी, वेळ, पैसा असल्या न मोजता येणाऱ्या गोष्टींना लागतं. ‘देअर इज लिटल वॉटर इन द टँक’ म्हणजे टँकर बोलवा, आणि ‘देअर इज अ लिटल वॉटर’ म्हणजे आजचं भागेल.

हा नकार खरंच आतमध्ये आहे हे इंग्रजीच दाखवून देतं. वाक्याच्या शेवटी ‘हो ना?’ अर्थाचं शेपूट लावताना इंग्रज माणूस ‘फ्यू पीपल नो धिस, डू दे?’ म्हणतो आणि ‘अ फ्यू पीपल नो धिस, डोन्ट दे?’ म्हणतो. होकारी वाक्याला नकारी शेपूट आणि नकारीला होकारी, हा नियम पोरांना आठवी-नववीत पाठ असतो. म्हणजे फ्यूचं वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने पण नकारीच धरलं जातं. हे धड्यात कुठेतरी एकत्र सांगितलं तर केवढं सोपं होईल, पण शेपटाचा धडा वेगळा आणि फ्यूचा वेगळा, दोघांची गाठच पडत नाही.

आता आपल्या पोरांची यात चूक का होते, त्याचं कारण मला मराठीतच सापडलं आणि ते सापडल्यावर माझी शिकवायची पद्धत बदलली. मराठीत आपण पण हा फरक करतोच की. ‘थोडी पोरं आली’ म्हणजे काही आली, आणि ‘थोडीच पोरं आली’ म्हणजे यायला हवी होती तेवढी आली नाहीत. एक ‘च’ लागला की वाक्य नाराज होतं. आता नीट बघा काय होतंय ते. मराठीत साधा शब्द होकारी आहे आणि त्याला काहीतरी चिकटवलं की तो नकाराकडे झुकतो. इंग्रजीत बरोबर उलटं, साधा शब्द नकारी आणि आधी ‘अ’ जोडला की होकारी. म्हणजे मराठी पोरगा जेव्हा काही न जोडता साधं ‘थोड्या’ म्हणतो, तेव्हा इंग्रजीतही तो काही न जोडता साधं ‘फ्यू’च उचलणार, आणि तिथे नेमका खड्डा आहे. तो निष्काळजी नाहीये, तो आपल्या भाषेच्या हिशोबाने अगदी बरोबर चाललाय.

दुसरं कारण अजून साधं आहे. पाचवीपासून आपण त्याच्या डोक्यात घालतो की ‘अ’ म्हणजे एक, ‘अ’ पुढे अनेकवचन आलं की चूक. अ बॉय बरोबर, अ बॉइज चूक. मग हाच पोरगा ‘अ फ्यू बॉक्सेस’ लिहिताना थबकतो, पुढे बॉक्सेस आहे, अनेक आहेत, मग अ कसा येईल, आणि शहाणपणाने तो अ खोडतो. मी हे वह्यांमध्ये प्रत्यक्ष बघितलंय, आधी लिहिलेला आणि मग खोडलेला अ. आपणच शिकवलेला नियम त्याच्याकडून चूक करून घेतो.

यावर उपाय पण मराठीतच आहे. आपण म्हणतो ना, ‘एक दहा मिनिटं थांब’, ‘एक चार-पाच पोरं पाठव’, ‘एक पन्नासेक लोक होते’. मिनिटं दहा आहेत तरी आधी एक लावतोच, आणि त्या एकचा अर्थ संख्या एक असा नसतो, तो ‘अंदाजे एवढा एक लॉट’ असा असतो. अ फ्यू मधला अ हा तसा आहे. पोरांना मी आता एवढंच सांगतो, ‘अ फ्यू’ म्हणजे आपलं ‘एक चार-पाच’, आणि नुसतं ‘फ्यू’ म्हणजे आपलं ‘थोडेच’. शब्दार्थ बदलून दिले, बाकी काही नाही. ज्या बॅचला हे सांगितलं तिथे खोडलेले अ कमी झाले. हां, यात दोन ठिकाणी पाय घसरतो ते सांगायला लागतं, ‘ओन्ली अ फ्यू’ म्हटलं की अ असूनही अर्थ परत थोडेच होतो, आणि ‘क्वाइट अ फ्यू’ म्हणजे चक्क बरेच. पण हे दोन्ही ऐकून ऐकून बसतात.

आता गाळलेल्या जागांबद्दल, कारण खरं भांडण माझं त्यांच्याशी आहे. ‘देअर आर ____ मँगोज इन द बास्केट’, कंसात फ्यू आणि अ फ्यू, एक निवडा. मला सांगा यातलं बरोबर उत्तर कोणतं? दोन्ही. टोपलीत चार आंबे आहेत, मला दोन हवे असतील तर अ फ्यू आणि वीस पाहुण्यांना रस करायचा असेल तर फ्यू. वाक्य एवढं आखूड आहे की बोलणाऱ्याला काय वाटतंय ते त्यात आलंच नाही, आणि ही जोडी तर पूर्णपणे बोलणाऱ्याला काय वाटतंय यावरच उभी आहे. तरी मागे उत्तरसूचीत एकच उत्तर असतं आणि दुसरं लिहिणाऱ्याचा मार्क जातो. पोरगा यातून काय शिकतो? की हा तुक्का आहे. पन्नास-पन्नास टक्के. आणि जी गोष्ट तुक्का आहे असं एकदा वाटलं ती पुढे पॅकहाऊसमध्ये कोण लक्षात ठेवणार.

प्रश्न दुरुस्त करायला फार काही लागत नाही. वाक्य अर्धं पुढे न्या. ‘देअर आर ____ मँगोज इन द बास्केट, सो लेट अस मेक ज्यूस’ आणि ‘देअर आर ____ मँगोज, सो वी मस्ट बाय मोअर’. आता पहिल्यात अ फ्यू आणि दुसऱ्यात फ्यू, याला काही पर्याय नाही आणि पोराला विचार करावा लागतो, ‘म्हणून काय?’ हा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. माझी शाळांना आणि क्लासवाल्यांना, विशेषतः अशोक स्तंभ, कॅनडा कॉर्नर भागात स्पर्धा परीक्षेची हजारो पोरं बसवणाऱ्या क्लासवाल्यांना कळकळीची विनंती आहे की किमान तुमच्या स्वतःच्या सराव पेपरमध्ये तरी ‘सो’ नसलेला फ्यूचा प्रश्न काढू नका.

आता लेस आणि फ्यूअर. यावर आपल्याकडे जेवढा वेळ जातो तेवढा खरंच जायला नको असं माझं म्हणणं आहे आणि हे ऐकून बरेच इंग्रजीचे शिक्षक चिडतात, मला माहिती आहे. नियम असा की मोजता येतं तिथे फ्यूअर, न मोजता येतं तिथे लेस. ‘लेस स्टुडंट्स’ लिहिलं की लाल गोल. पण या नियमाचा जन्म कसा झाला ते बघा. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या एका इंग्रजाने इंग्रजी भाषेवर टिपणं छापली, त्यात त्याने लिहिलं की संख्येबद्दल बोलताना लोक लेस वापरतात, तिथे फ्यूअर जास्त बरं दिसेल असं मला वाटतं. म्हणजे त्याने स्वतःची आवड सांगितली होती आणि लोक सर्रास लेस वापरतात हेही त्यातच मान्य केलं होतं. त्याच्या नंतरच्या लोकांनी त्या आवडीचा कायदा केला. त्याच्या आधी शेकडो वर्षं, अगदी नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या लिखाणापासून, ‘कमी शब्दांत’ अशा अर्थाने मोजता येणाऱ्या गोष्टींना लेस लावलेलं सापडतं.

आणि आज सुद्धा पाळणारे तो नियम पूर्ण पाळत नाहीतच. अंतर, पैसा, वेळ यांना सगळे लेसच लावतात. ‘त्र्यंबक इज लेस दॅन फॉर्टी किलोमीटर्स फ्रॉम नाशिक’, किलोमीटर मोजता येतात ना, तरी तिथे फ्यूअर म्हटलं तर विचित्र वाटतं. ‘लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज’, ‘लेस दॅन टू वीक्स’, आणि परीक्षेच्या पेपरवर पण ‘फिफ्टी वर्ड्स ऑर लेस’ छापलेलं असतं. कारण तिथे आपण एकेक किलोमीटर मोजत नाही, सगळं मिळून एक अंतर धरतो. इंग्लंडमध्ये सुपरमार्केटच्या जलद काउंटरवर ‘टेन आयटम्स ऑर लेस’ अशी पाटी असायची, त्यावरून वर्षानुवर्षं लोक तक्रारी करत होते, शेवटी टेस्को या साखळीने २००८ मध्ये ‘अप टू टेन आयटम्स’ अशी पाटी करायचं ठरवलं, म्हणजे लेस पण नको आणि फ्यूअर पण नको. जिथली भाषा आहे तिथल्यांनी वाद टाळून बाजूने वाट काढली आणि इकडे आपण सातपूरच्या पोराचा मार्क कापतोय.

कोणी म्हणेल की मग काहीही चालेल का. नाही, मी तसं म्हणत नाहीये. अर्ज, रिपोर्ट, मुलाखत, तिथे ‘फ्यूअर स्टुडंट्स’ लिहिलेलं चांगलं दिसतं, वाचणारा काटेकोर असेल तर त्याला बरं वाटतं, आणि परीक्षेत विचारतात तोपर्यंत पोरांना ते यायलाच पाहिजे. पण त्याला दहा मिनिटं पुरतात. ‘लेस बॉक्सेस हॅव सॉफ्ट बेरीज दिस टाइम’ असं त्या पोराने लिहिलं असतं तर तिकडच्याने फार तर मनात म्हटलं असतं की याचं व्याकरण कच्चं आहे, पण मागच्या वेळेपेक्षा कमी पेट्या मऊ आहेत हे त्याला शंभर टक्के कळलं असतं. एक पेटी चुकीच्या जागी गेली नसती.

मच आणि मेनीवर थोडंच बोलतो, कारण ही जोडी मराठी माणसाला अर्धी आधीच येते. आपल्याकडे ‘किती’ आणि ‘खूप’ दोन्हीला चालतं, म्हणून वाटतं की आपल्याला फरकच माहीत नाही, पण क्रियापद बघा, ‘खूप पाणी आहे’, ‘खूप माणसं आहेत’. आहे आलं तर मच, आहेत आलं तर मेनी. आणि नाशिकच्या शेतकऱ्याला तर हे रक्तातच आहे, ‘यंदा कांदा किती निघाला?’ असं तो ढीग डोळ्यापुढे ठेवून एकवचनात विचारतो आणि भाजीवालीपाशी तोच माणूस ‘किती कांदे टाकले?’ म्हणतो. न मोजायचा कांदा आणि मोजायचे कांदे. ही युक्ती पाचवीच्या पोराला एका तासात जमते. ती फसते कुठे, तर जिथे मराठी आणि इंग्रजीचं मोजणं जुळत नाही तिथे. पैसे आहेत, पण हाऊ मच मनी. केस आहेत, पण मच हेअर. बातम्या आहेत, पुरावे आहेत, पण इंग्रजीत न्यूज आणि एव्हिडन्स दोन्ही न मोजायचे. अशी यादी वीस-पंचवीस शब्दांची होते, ती भिंतीवर लावा, संपलं.

फक्त एक गोष्ट जी पुस्तकात सहसा दिसत नाही. साध्या होकारी वाक्यात बोलताना मच शोभत नाही. ‘देअर इज मच ट्रॅफिक ॲट द्वारका’, पोराने नियम बरोबर लावलाय, ट्रॅफिक न मोजायचं, म्हणून मच, तरी वाक्य अवघडल्यासारखं ऐकू येतं. तिथे ‘अ लॉट ऑफ ट्रॅफिक’ म्हणतात. मच राहतो प्रश्नात, नकारात आणि टू, सो यांच्या मागे. मेनीचं तसं नाही, तो होकारी वाक्यात पण चालतो, थोडा पुस्तकी वाटतो इतकंच.

२००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे आता जी पोरं अंबडच्या कंपन्यांत, पिंपळगावच्या पॅकहाऊसमध्ये, हॉस्पिटलच्या रिसेप्शनवर बसलीत त्यातली बरीच पहिलीपासून इंग्रजी शिकलेली आहेत. त्यांचं इंग्रजी निबंधात नाही वापरलं जात, ते आखूड वाक्यात वापरलं जातं, मेसेजमध्ये, रिपोर्टच्या एका ओळीत, जिथे आजूबाजूला अर्थ सावरायला दुसरं वाक्यच नसतं. ‘आय हॅव फ्यू डाउट्स’ हे तर आपल्याकडे रोज मेलमध्ये जातं, पोराला म्हणायचं असतं मला काही शंका आहेत जरा वेळ द्या, आणि लंडनमधला माणूस वाचतो की याला फारशा शंका नाहीत, आणि मीटिंग संपवून टाकतो. डाउट म्हणजे प्रश्न हे पण तिकडे चालत नाही, त्यामुळे अजूनच घोळ.

म्हणून कामाच्या मेसेजसाठी मी एक कडक पथ्य सांगतो आणि ते मी मनापासून सांगतोय. नुसतं फ्यू लिहूच नका. कमी आहेत असं म्हणायचं असेल तर ‘नॉट मेनी’ किंवा ‘व्हेरी फ्यू’ लिहा, बोलण्यात इंग्रज लोक पण नॉट मेनीच जास्त म्हणतात. काही आहेत असं म्हणायचं असेल तर ‘सम’ लिहा, तिथे अ विसरायची सोयच नाही. माझे काही शिक्षक मित्र म्हणतात हे पळवाट शिकवणं झालं, भाषा पूर्ण शिकवावी. शिकवू की, वर्गात फ्यूचे सगळे बारकावे शिकवू, मी स्वतः शिकवतो. पण कंटेनर बंदरात असताना त्या पोराला बारकावे आठवायला लावणं बरोबर नाही.

तो विद्यार्थी यंदाही तिथेच आहे. त्याने त्यांच्या ग्रुपवर मेसेजचा एक साचा करून टाकलाय, सगळ्या सुपरवायझरना तोच वापरायला सांगितलाय, त्यात आधी पॅलेट नंबर, मग पेट्यांचा आकडा आणि मग काय करायचं ते. परवा त्याने मला एक पाठवलेला मेसेज दाखवला, ‘थर्टी एट बॉक्सेस हॅव सॉफ्ट बेरीज, प्लीज सेल दीज फर्स्ट’. मी विचारलं अ फ्यू का नाही लिहिलं, आता तर येतं तुला. तो म्हणाला, ‘सर, मोजल्यात ना मी.’